तळ्यात, मळ्यात आणि हापशावर

आमच्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज तीन ओळी असतात. पहिली तारखेची. दुसरी पट 84, हजर अमुक. तिसरी 'मधली सुट्टी, मैदान ड्युटी' आणि तिच्यापुढे माझं नाव. पहिल्या दोन ओळी रोज पुसून नव्यानं लिहाव्या लागतात. तिसरी कुणीतरी ऑइल पेंटनं लिहून ठेवली असावी असा माझा संशय आहे, कारण ओलं फडकं फिरवूनही ती जात नाही.

यात कुणाचा कट नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, आणि त्याच्या हिशेबानं 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक. आम्ही बरोबर तीन आहोत. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक सर तांदूळ, डाळ, तेल आणि हजेरी यांचा मेळ घालत पोषण आहाराच्या वहीत डोकं खुपसून बसतात. मॅडम बीएलओ आहेत. मतदार यादीतली जिवंत माणसं मयत होऊ नयेत आणि मयत माणसं जिवंत राहू नयेत, एवढं साधं काम त्यांच्याकडे आहे. उरलो मी. माझ्याकडे एक शिट्टी, पस्तीस मिनिटं आणि मैदान.

मैदान हा शब्द मी सवयीनं वापरला. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात आमचं गाव, चहूकडे कपाशी आणि सोयाबीनची शेतंच शेतं. नजर पोचेल तिथपर्यंत मोकळी जागा, फक्त शाळेला तेवढी मिळाली नाही. चौथीच्या लांबी मोजायच्या पाठाचं निमित्त करून पोरांकडून मी अंगण मोजून घेतलं. पंधरा मीटर बाय बारा मीटर, म्हणजे 180 चौरस मीटर. मग त्यातून ध्वजाचा ओटा गेला, कडुनिंब आणि त्याचा पार गेला, खिचडीचं शेड गेलं, हापसा आणि त्याच्याभोवतीचा बारमाही चिखल गेला. शिवाय वर्गखोलीसाठी तीन वर्षांपूर्वी येऊन पडलेला रेतीचा ढीग. खोली अजून यायची आहे, रेती मात्र वेळेवर आली. उरली साधारण 110 चौरस मीटर.

कबड्डीचं मोठ्यांचं मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे 130 चौरस मीटर असतं. त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चौदा खेळाडू उतरतात, आणि तरीही गुडघे फुटतात. आमच्याकडे त्याहून कमी जागेत ऐंशी पोरं उतरतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच उतरलो आहोत.

आता खेळणी. शाळेत खेळणी नाहीत असं म्हणणं खोटं होईल. मुख्याध्यापकांच्या कपाटाशेजारी एक हिरवी लोखंडी पेटी आहे. तिच्यात फुटबॉल 1, उड्या मारायच्या दोऱ्या 2, रबरी रिंग 3 आणि प्लॅस्टिकची बॅट 1 असा ऐवज आहे. या सगळ्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत आहे. तिला कुणी त्या नावानं हाक मारत नाही, सगळे 'डेड स्टॉक' म्हणतात. नावातच सगळं आलं. डेड स्टॉकमधली वस्तू वापरली की झिजते, झिजली की फुटते, फुटली की तिचं निर्लेखन करावं लागतं, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्यापेक्षा वस्तू न वापरणं सोपं असतं. म्हणून आमचा फुटबॉल अजून नवा आहे.

तरी पहिल्या आठवड्यात मी हट्टानं तो बाहेर काढला. एका चेंडूमागे ऐंशी मुलं म्हणजे एकोणऐंशी नाराज मुलं, हे गणित मला चेंडू जमिनीवर टेकायच्या आतच कळलं. पाचवीचे चार जण खेळले, चौथीचे त्यांच्यामागे धावले, तिसरीचे त्यांच्या पायात आले आणि पहिलीची एक मुलगी चेंडूवर चक्क बसली. अकराव्या मिनिटाला चेंडू भिंतीपलीकडे एका आजीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत पडला. आजीनं तो परत दिला, पण सोबत जे दिलं ते कोणत्याच नोंदवहीत लिहिता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी मी एक धडा घेतला. एकही खेळणं नसलं तर पोरं खेळ शोधतात. एकच असलं तर भांडण शोधतात.

दुसऱ्या दिवशी खेळणी बंद, नुसती शिवाशिवी. सहाव्या मिनिटाला हापशाजवळ दोन डोकी एकमेकांवर आपटली. एकाच्या कपाळाला टेंगूळ, दुसऱ्याचा दात हातात. टेंगळावर ओलं फडकं धरून मी दाताचा तपास सुरू केला. दात दुधाचा होता आणि आठवडाभर हलत होता, एवढंच माझं नशीब. संध्याकाळी वडील शाळेत आले तेव्हा मी मनातल्या मनात खुलासा लिहून ठेवला होता. ते म्हणाले, "बरं झालं सर, घरी पडूच देत नोता."

तिसऱ्या दिवशी मी कडुनिंबाच्या पारावर उभा राहून दर दहा सेकंदांनी शिट्टी वाजवत होतो. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पातेलं घासता घासता बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी हात धुऊन म्हणाल्या, "सर, तुमी काहून एवढे फुकून राह्यले? पोट्टे जास्त नायी, पयणं जास्त हाय."

मी आजवर जेवढी प्रशिक्षणं केली, त्यांतल्या सगळ्या पानांपेक्षा हे वाक्य मोठं होतं. मी पुढचे दोन दिवस काहीच केलं नाही, नुसता पाहत राहिलो. आमच्या अंगणात पोरगं सरळ रेषेत आठ पावलं धावलं की समोर काहीतरी येतंच. भिंत येते, झाड येतं, नाहीतर दुसरं पोरगं येतं, आणि तेही आठ पावलं धावून आलेलं असतं. गर्दी कमी करणं माझ्या हातात नव्हतं. वेग कमी करणं होतं. म्हणजे ज्या खेळात पायांना नियमानंच ब्रेक लागलेला असेल, तेच खेळ आमच्या कामाचे. शिट्टीचा ब्रेक बाहेरून लागतो, त्याला पोरं जुमानत नाहीत. नियमाचा ब्रेक आतून लागतो, आणि तो मोडणाऱ्याला मास्तरच्या आधी बाकीची पोरंच पकडतात.

मग मी चुन्याचा डबा काढला. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. मी अंगणात चुन्यानं रेघा आणि चौकोन आखत होतो तेव्हा गावातले दोन-तीन जण भिंतीवरून वाकून पाहत होते. त्यातला एक म्हणाला, "काय सर, यंदा पाणी कसं हाय?" मी म्हटलं, "उद्या सुट्टी झाल्यावर सांगतो."

पहिली मांडणी 'तळ्यात-मळ्यात'ची. हा खेळ ठाऊक नाही असा मराठी माणूस नाही, आणि त्याची खरी किंमत ठाऊक असलेला ड्युटी शिक्षकही मी पाहिलेला नाही. आठ मीटरची एक रेघ घ्या. एका मुलाला चाळीस सेंटिमीटर धरा, म्हणजे रेघेवर वीस मुलं उभी राहतात. पुढे एक मीटर तळं, मागे एक मीटर मळा. झाली सोळा चौरस मीटर जागा. अशा दोन रेघा, मध्ये चालायला वाट. अंगणाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी जागेत निम्मी शाळा मावली, आणि सगळी पोरं उड्या मारत असूनही कुणी कुणावर आदळलं नाही, कारण सगळी एकाच वेळी एकाच दिशेला जातात. धावणाऱ्या गर्दीत हेच तर जमत नाही.

तळं म्हटलं की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे लोणार येतं. उल्का पडून झालेलं, खाऱ्या पाण्याचं, 2020 च्या जूनमध्ये अचानक गुलाबी दिसू लागलेलं. आमचीही पूर्णेकाठची जमीन खारपाणपट्ट्यातली, त्यामुळे खाऱ्या पाण्याचं पोरांना कौतुक नाही, पण गुलाबी पाण्याचं आहे. 'तळ्यात' म्हटलं की दुसरीतला एक जण नाक दाबून उडी मारतो. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "सर, लोणारच्या तळ्याले वास येते." भूगोल असा शिकवावा लागतो हे मला माहीत नव्हतं.

या खेळाचा जीव उड्यांत नाही, सांगणाऱ्याच्या तोंडात आहे. 'तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात' असं एका तालात म्हटलं तर दोन मिनिटांत पोरं झोपाळू होतात आणि शेजाऱ्याच्या पायांकडे पाहून उड्या मारू लागतात. ती खूण ओळखावी. रेघेवरची सगळी डोकी सांगणाऱ्याकडे न राहता आडवी वळली, की खेळ मेला समजावं. औषध सोपं आहे. तीनदा ताल पकडू द्यायचा आणि चौथ्यांदा तोडायचा, 'मळ्यात' झाल्यावर पुन्हा 'मळ्यात' म्हणायचं. निम्मी रेघ पाण्यात पडते आणि अंगणभर हसू फुटतं. शेजाऱ्याच्या भरवशावर असलेला सगळ्यात आधी पडतो, कारण शेजारीही कुणाच्या तरी भरवशावर असतो.

एक मोठी अडचण राहिली. बाद झालेल्या पोरांचं काय करायचं? पुस्तकातले खेळ बाद झालेल्याला 'बाजूला बसव' म्हणतात. ज्यानं हे लिहिलं त्यानं बाजूला बसलेलं पोरगं पाहिलेलं नाही. ते बसत नाही. ते खेळणाऱ्याची चप्पल लपवतं, हापसा हापसतं, पहिलीच्या पोरांवर पाणी उडवतं. आमची निम्मी भांडणं खेळणाऱ्यांची नव्हतीच, बाद झालेल्यांची होती. आणि गंमत अशी की जी पोरं सगळ्यात आधी बाद होतात, त्यांनाच खेळायची सगळ्यात जास्त गरज असते. म्हणून आमच्या तळ्यात कुणी बुडत नाही. चुकला तो पंच होतो. रेघेच्या टोकाला उभा राहतो, पुढचा चुकणारा शोधतो, आणि तो सापडला की त्याला आपल्या जागी उभं करून स्वतः रेघेवर परत येतो. बाद होण्याचा कालावधी साधारण वीस सेकंद. पंच व्हायला मिळतं म्हणून काही जण मुद्दाम चुकू लागले, तेव्हा एवढी भर घातली की एकाच मुलाला लागोपाठ दोनदा पंच होता येणार नाही.

दुसरी मांडणी लंगडीची. पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन, आत बारा जण. नेहमीच्या लंगडीत ज्याच्यावर राज्य तो एका पायावर आणि बाकीचे दोन्ही पायांवर पळतात. आमच्या चौकोनात हे चालणार नव्हतं, कारण पळणारे अकरा जण पुन्हा तेच टेंगूळ घेऊन येणार. म्हणून सगळेच लंगडीवर. आणि ज्याचा दुसरा पाय टेकला, राज्य त्याच्यावर. एवढ्या एका नियमानं वेग निम्म्याहून खाली आला, आणि खेळ मात्र जास्त चुरशीचा झाला, कारण आता पळणाराही थकतो. दर वीस आकड्यांनंतर सगळ्यांनी पाय बदलायचा. हे मी आरोग्याच्या काळजीनं घातलं होतं. पोरांनी त्याचं डावपेचांत रूपांतर केलं, कारण पाय बदलायच्या क्षणी सगळ्यांचा तोल जातो आणि राज्य असलेला नेमकी तीच वाट पाहत असतो. आकडे मोजायचं काम दुसरीच्या वर्गाला दिलं. आता त्यांना वीसपर्यंत उलटसुलट येतं, तेही ओरडून.

या चौकोनातही पहिल्याच दिवशी एक गोष्ट बिघडली. राज्य कुणावर, हे ठरवायला पोरं चकायला बसली. सगळ्यांनी मिळून हात टाकायचे, कुणाचा पालथा, कुणाचा उताणा, वेगळा पडला तो सुटला. तीन जणांत हे दोन मिनिटांत होतं. बारा जणांत 'यानं मागून हात बदलला' पासून सुरू होऊन सुट्टी संपते. मी तो लोकशाही सोहळा बंद केला नाही, फक्त घंटेआधी नेला. आता खिचडीच्या रांगेत उभी असतानाच पोरं चकून घेतात. रांगेतली ढकलाढकल त्यामुळे आपोआप थांबली. हे मी ठरवून केलं होतं असं केंद्रप्रमुखांना सांगणार आहे.

तिसरा खेळ विष-अमृत, आणि तो मात्र चालता. राज्य असलेल्यानं शिवलं की 'विष', जागच्या जागी थिजायचं. मोकळ्या गड्यानं येऊन शिवलं की 'अमृत', पुन्हा सुटका. मोठ्या मैदानात हा पळायचा खेळ आहे. आमच्याकडे थिजलेली पोरं म्हणजे अंगणात मध्येच उगवलेले खांब, आणि त्यांवर पळणारे आदळतात. म्हणून नियम असा की सगळ्यांनी फक्त चालायचं, पळालास की तुला आपोआप विष. आणि थिजलेल्यानं कसं उभं राहायचं, हे पोरांनीच ठरवलं. आमच्या वाटेवर नांदुऱ्याला 105 फुटी मारुती उभा आहे, त्याच्यासारखं. पाय घट्ट रोवलेले, छाती पुढे, हात अंगाशी. हात अंगाशी असल्यामुळे जवळून जाणाऱ्याच्या डोळ्यात बोट जात नाही, एवढं सुरक्षेचं काम मारुतीनं फुकटात करून दिलं.

हे सगळं लिहिताना मी काहीतरी नवं शोधल्यासारखं वाटतं आहे, म्हणून कबूल करतो. नियम करण्यात पोरं आपल्या खूप पुढे आहेत. पहिलीचं पोरगं पाचवीच्या खेळात आलं तर त्याचं काय करायचं, यावर मोठी माणसं समिती नेमतील. पोरांनी ते पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी दोन शब्दांत सोडवलंय, 'कच्चा लिंबू'. तो खेळतो, उड्या मारतो, त्याला शिवताही येतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला खेळायला मिळतं आणि खेळ बिघडत नाही. तसंच 'टाइम प्लीज'. चपलेचा अंगठा तुटला, लघवीला लागली, डोळ्यात धूळ गेली, की मूठ वर करून टाइम प्लीज म्हणायचं आणि कुणीही हात लावायचा नाही. मी शिक्षक झालो तेव्हा हे दोन्ही नियम विसरलो होतो. मोठ्या माणसांच्या नोकरीत टाइम प्लीज चालत नाही, म्हणून असेल.

अर्थात कागदावरची मांडणी आणि अंगणातली मांडणी यात फरक असतोच. एका बुधवारचं सांगतो. त्या दिवशी हजर 80. घंटा झाली, पण 80 पोरं एकदम अंगणात येत नाहीत. आधी हात धुणं, मग खिचडी, मग ताट विसळणं. सातव्या-आठव्या मिनिटाला पहिले दहा-बारा जण येतात, ते भरभर जेवणारे, आणि तेच पोट भरल्यावर सगळ्यात जोरात पळायला बघतात. पळाले की पाचव्या मिनिटाला एखाद्याची खिचडी परत अंगणात येते. म्हणून या लवकर येणाऱ्यांना सक्तीनं बैठे खेळ. कडुनिंबाखाली पाच खड्यांचे सागरगोटे. खडे रेतीच्या ढिगात हवे तेवढे, नोंदवहीत एकही नाही. गोट्यांना मात्र आमच्याकडे ऋतू लागतो. उन्हाळ्याकडे आमची काळी माती भेगाळते आणि गोटी भेगेत गेली की ती पुढच्या पावसाळ्यातच दिसते. पाचवीतल्या एकाचं म्हणणं आहे की अंगणाखाली त्याच्या चौदा गोट्या आहेत. तो मोठेपणी हे अंगण विकत घेणार आहे.

पंधराव्या मिनिटाला दोन्ही रेघा भरल्या, लंगडीचा चौकोन भरला. मी भिंतीला पाठ लावून उत्तरेच्या कोपऱ्यात उभा होतो. ही जागाही चुकत चुकत सापडली. पाराखाली सावली छान असते, पण तिथून शेडमागची चार फुटांची बोळ दिसत नाही, आणि जगातली सगळी भांडणं त्या बोळीत जन्माला येतात. कोपऱ्यात ऊन लागतं, पण बोळ, हापसा आणि फाटक तिन्ही एका नजरेत येतात. ड्युटी शिक्षकाची जागा सावलीत नसते, एवढं मी जड अंतःकरणानं मान्य केलं आहे.

अठराव्या मिनिटाला मला शांतता ऐकू आली. खेळणाऱ्या पोरांचा गलका सलग असतो, विहिरीवरच्या मोटारीसारखा. भांडणाआधी त्यातला एक तुकडा अचानक बंद पडतो, कारण त्या कोपऱ्यातली सगळी पोरं खेळणं थांबवून दोघांकडे पाहू लागतात. ही शांतता दोन-तीन सेकंदांचीच असते, आणि शिट्टीची खरी वेळ ती. मी लंगडीच्या चौकोनाकडे गेलो. दोघं समोरासमोर. "सर, यानं पाय टेकला आन नायी म्हनून राह्यला." "नायी टेकला सर, थोच मंदात आला."

तक्रारींसाठी माझा एकच नियम आहे. दोघांनी हात धरून यायचं आणि दोघांनी एकत्र सांगायचं. एकट्याची तक्रार ऐकली जाणार नाही. ज्याच्यावर राग आहे त्याचा हात धरून दहा पावलं चालणं फार अवघड असतं, आणि चालून झाल्यावर रागवणं त्याहून अवघड. त्या दोघांनी हात धरले, माझ्याकडे चार पावलं आले, एकमेकांकडे पाहिलं, आणि मध्येच वळून चौकोनात परत गेले. न्याय झाला नाही. पाय टेकला होता की नव्हता, हे अजून कुणालाच माहीत नाही. पण जिथे खरंच लागलेलं असतं, रक्त असतं किंवा कुणी रोज एकाच पोराला लक्ष्य करत असतं, तिथे हा नियम वापरायचा नसतो. तिथे मार खाणाऱ्याला मारणाऱ्याचा हात धरायला लावणं म्हणजे दुसरा मार. हा फरक ओळखायची सोपी खूण आहे. भांडलेली पोरं दोघंही बोलतात. छळलेलं पोरगं बोलत नाही.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला वेग उतरवायला सुरुवात केली. शेवटच्या पाच मिनिटांत घंटा होईल या धसक्यानं पोरं सगळं उरकून घेऊ बघतात, खेळही आणि हिशेबही. म्हणून लंगडी आधी थांबवली आणि सगळ्यांना रेघांवर दुहेरी ओळींत घेतलं. 'तळ्यात-मळ्यात' हळू होत गेलं, मग कुजबुजत, मग नुसत्या हातवाऱ्यानं. ऐंशी पोरं आवाज न करता उड्या मारतात तेव्हा फक्त पायांचा धप्प धप्प आवाज येतो. पोषण आहाराची वही सोडून मुख्याध्यापक सर दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं शाळा सुटली.

तिसाव्या मिनिटाला मी रेघांवरची डोकी मोजली. सत्तर अधिक नऊ. पुन्हा मोजली. एकोणऐंशी. त्या क्षणी ड्युटी शिक्षकाच्या पोटात जे होतं त्याला मराठीत शब्द नाही, आणि तो शोधायला वेळही नसतो. फाटकावर मॅडमना उभं केलं, रेघा मुख्याध्यापक सरांकडे दिल्या. बोळीत नाही, शेडमध्ये नाही, स्वच्छतागृहात नाही, वर्गांत नाही. विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे हे मी मनात तीनदा म्हटलं. शेवटी मावशींनी कडुनिंबाच्या पारामागे बोट दाखवलं. तिथे तिसरीतला एक मुलगा उभा होता. पाय रोवलेले, छाती पुढे, हात अंगाशी. त्याला पंधरा मिनिटांपूर्वी कुणीतरी विष देऊन गेलं होतं आणि अमृत द्यायला कुणी आलं नव्हतं. मी त्याला हाक का नाही मारलीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सर, मारोती बोलते का?"

मी त्याच्या खांद्याला हात लावला, 'अमृत' म्हटलं, आणि तो रेघेकडे पळत सुटला. पळण्याबद्दल मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. विषावर पन्नास आकड्यांची मर्यादा आली, तेवढे मोजून झाले की आपोआप अमृत. आणि डोकी शेवटी एकदा मोजायची ती मी आता दर दहा मिनिटांनी मोजतो.

पाऊस लागला की हे सगळं बंद. काळी माती चपलेला अशी चिकटते की पोरगं दोन इंच उंच होऊन वर्गात येतं. चुना धुऊन जातो. मग व्हरांड्यात बसून खेळ, आणि व्हरांडा अंगणाच्या एक चतुर्थांश. त्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मावशींनाही नाही. त्या दिवसांत त्या एवढंच म्हणतात, "सर, आज फुका."

परवा शाळेला भेट झाली. आलेल्या साहेबांनी सुट्टी पाहिली, रेघा पाहिल्या, दोन मिनिटं स्वतः काठावर उभे राहून 'मळ्यात'ला तळ्यात उडी मारली, आणि पंच व्हायला मिळालं म्हणून खूष झाले. मग खुर्चीत बसून प्रपत्र काढलं. त्यात रकाना होता, 'खेळासाठी वापरलेले साहित्य'. मी म्हटलं, चुना. ते म्हणाले, चुना साहित्यात येत नाही, किरकोळ खर्चात येतो. मग त्यांनी डेड स्टॉक मागवला, पेटी उघडली आणि पडताळणी करून शेरा मारला.

फुटबॉल 1, स्थिती उत्तम.